विम्याची जाहिरात: भीती काढून टाकली, तर ‘आत्ताच का?’ याला खरं उत्तर काय द्यायचं?

शब्दजुळारी

मी जाहिरातींचा मजकूर लिहिते. सध्या एका मुदत विम्याचं काम हातात आहे. साधा प्रकार आहे: मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम मिळते, जगला तर काही परत मिळत नाही. हप्ता सुरुवातीला ठरतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. आधीच्या एजन्सीने केलेली जाहिरात अशी होती:

*“आज रात्री तुम्ही घरी पोचलाच नाहीत तर? मुलांची फी कोण भरणार? उद्या उशीर झालेला असेल. ही संधी फक्त ४८ तास!”*

सोबत रिकाम्या खुर्चीचा फोटो आणि खाली उलटं धावणारं घड्याळ. ४८ तासांनंतर काय बदलतं असं मी विचारलं, तर उत्तर आलं, “काही नाही, पान उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.”

हे सगळं काढायला ग्राहक तयार आहे. मी लिहून दिलं: “कुटुंबाच्या भविष्याचा शांतपणे विचार करा. सोपा, पारदर्शक मुदत विमा.” त्यावर तो म्हणाला, “हे वाचून माणूस शांतपणे झोपेल.” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. खोटी घाई नको, पण माणसाने हे काम पुढच्या वर्षावर का ढकलू नये, याचं खरं कारण हवंय. सुचवा.

तिरकस

कारण शोधू नका, मिळणार नाही. मरणाची भीती नसती तर विम्याचा धंदाच नसता. खुर्ची बदला, सोफा ठेवा. :)

रानवारा

कारण समोरच आहे की. वय वाढलं की हप्ता वाढतो. “थांबाल तितकं महाग पडेल” असं मोठ्या अक्षरात लिहा. खरंही आहे, घाईही होते आणि कुणाला घाबरवलंही नाही. बाकी भीती दाखवून लोक काहीच करत नाहीत, उलट नजर फिरवतात, हे संशोधनातून केव्हाच सिद्ध झालंय.

मागचं टेबल

मी बरीच वर्षं विम्याचे अर्ज तपासायचं काम केलं. कुणाला घ्यायचं, कुणाला जादा हप्ता लावायचा, कुणाला नाही म्हणायचं, हे ठरवणारं टेबल. रानवारा म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. त्यातला हप्त्याचा भाग आधी घेतो, कारण जाहिरात तिथेच घसरेल.

समजा ३४व्या वर्षी वार्षिक हप्ता १०० आहे आणि ३५व्या वर्षी अर्ज केला तर १०७. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही ग्राहकाच्या तक्त्यातले घाला. विमा दोन्ही वेळा साठीपर्यंतच हवा आहे. आज घेतला तर २६ हप्ते, एकूण २६००. वर्षभर थांबून घेतला तर २५ हप्ते, एकूण २६७५. म्हणजे २६ वर्षांत मिळून फरक ७५ चा, एका हप्त्याहूनही कमी. थांबणाऱ्याने पहिल्या वर्षाचे १०० भरलेले नाहीत, ते यात आलंच. हिशेबी वाचक पाच मिनिटांत हे काढेल आणि म्हणेल, “मग घाई कसली?” त्याचं बरोबर असेल. “थांबाल तितकं महाग” हे खोटं नाही, पण मोठ्या अक्षरात लिहिण्याच्या लायकीचंही नाही. दहा वर्षं थांबणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण तुमचा वाचक दहा वर्षांचा बेत करत नसतो, तो म्हणतो “पुढच्या वर्षी बघू”.

खरं कारण तब्येतीत आहे. अर्जावरचे प्रश्न त्या दिवसाच्या माणसाबद्दल असतात. आज साखर नॉर्मल आहे, तर आज “नाही” लिहायचं आणि ते खरं असतं. सहा महिन्यांनी तपासणीत मधुमेह निघाला, तर त्याच प्रश्नाचं उत्तर “हो” होतं. मग जादा हप्ता लागतो, निर्णय पुढे ढकलला जातो किंवा अर्जच नाकारला जातो. उलट, खरं सांगून विमा घेतला आणि आजार नंतर आला, तर ठरलेला हप्ता बदलत नाही. वयाची वाढ तक्त्यात आधीच दिसते. तब्येतीचं असं कोणतंही वेळापत्रक नसतं.

आणि दुसरं कारण इतकं साधं आहे की जाहिरातीत ते कुणी लिहीत नाही: मधलं वर्ष विम्याविना जातं.

एक तपासून घ्या. हप्ता मुदतभर कायम राहण्याची हमी पॉलिसीच्या मजकुरात आहे का? काही पॉलिसींमध्ये हप्त्याचा फेरविचार करायचा हक्क कंपनीकडे असतो. तसं असेल तर हा सगळा युक्तिवाद मोडतो. आरोग्य विम्याला तर तो लावूच नका, तिथे हप्ता वयाबरोबर वाढत जातो.

सायली_क

मला पण मुदत विमा घ्यायचाय, वय ३१. कोणता चांगला? आणि आमच्या बाबांना अशाच एका फोनवरून “आज शेवटचा दिवस” म्हणून भलतीच पॉलिसी गळ्यात मारली आहे. कागद परवा आले. काही करता येईल का?

मागचं टेबल

सायली, कोणता घ्यावा यासाठी वेगळा धागा काढा, इथे भरकटेल. बाबांचं मात्र आजच करा. कागद मिळाल्यापासून काही दिवसांत पॉलिसी परत करायची मुभा बहुतेक ठिकाणी असते. किती दिवस, ते पहिल्या पानांवर लिहिलेलं सापडेल. लेखी कळवा, फोनवर नाही, आणि पोच घ्या. ही घाई मात्र खरी, कारण ती मुदत सरली की पैसे परत मिळणं फार अवघड होतं.

शब्दजुळारी

७५ चा हिशेब डोळे उघडणारा आहे. मी “थांबाल तितकं महाग” हेच मथळ्यात टाकणार होते. पण मला एक अडतंय. “आजार निघू शकतो” ही पण भीतीच ना? रिकामी खुर्ची काढून तिथे रिपोर्टचा कागद ठेवला, इतकंच.

नंदादीप

मी आरोग्याच्या मोहिमांसाठी लिहिते, विम्यातलं कळत नाही. पण भीतीबद्दल दोघांनी टोकाचं लिहिलंय. १९६५ साली येल विद्यापीठात लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या लशीवर केलेला प्रयोग आमच्याकडे नेहमी निघतो. काही विद्यार्थ्यांना अंगावर येणारी पुस्तिका दिली, काहींना सौम्य. भडक पुस्तिकेने लोक जास्त घाबरले, लस घ्यायला हवी असं जास्त म्हणालेही. प्रत्यक्ष लस घेण्यात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. काहींना आरोग्य केंद्राचा नकाशा देऊन, आठवड्यात कधी जमेल ते ठरवा असं सांगितलं होतं. त्यांच्यातले २८ टक्के गेले, नकाशा न मिळालेल्यांतले ३ टक्के. पण धोका अजिबात न सांगता नुसता नकाशा देऊनही काम झालं नाही.

म्हणजे धोका सांगावा लागतोच. तो सांगून झाला की पुढे ओरडण्यात हशील नाही, पुढची पायरी दाखवावी. तुमच्या जुन्या जाहिरातीत धोका भरपूर होता आणि पायरी म्हणजे एक लाल बटण.

माझी कसोटी अशी: वाक्य वाचून वाचकाला काही तपासून बघता येतं का? “आज रात्री पोचला नाहीत तर?” यात तपासण्यासारखं काही नाही. “हप्ता अर्जाच्या दिवशीच्या तब्येतीवर ठरतो” हे तो कंपनीला विचारून पडताळू शकतो.

मागचं टेबल

यात आमच्या बाजूचं एक घाला. विम्यात खोट्या घाईचं नुकसान इतर मालापेक्षा जास्त असतं, कारण इथे गिऱ्हाईक माल नुसता घेत नाही, माहितीही देतं. घड्याळ धावतंय म्हटल्यावर माणूस सगळीकडे “नाही, नाही, नाही” ठोकत जातो. दोन वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, बंद झालेली रक्तदाबाची गोळी, सगळं राहून जातं. विमा मिळतो. पुढे दावा आला की जुने कागद मागवले जातात आणि ती “नाही” बाहेर येते. मग घरच्यांचा दावा अडकू शकतो. ज्यांच्या नावाने घाबरवलं, त्यांच्याच वाट्याला हे येतं.

शब्दजुळारी

लिहून बघितलं:

*“तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून आहे का? नसेल, तर हा विमा तुम्हाला सध्या लागत नाही.*

*असेल, तर एक हिशेब करा. तुमच्या मागे घराला जितकी वर्षं आधार लागेल तितक्या वर्षांचा खर्च, अधिक फेडायचं कर्ज, वजा साठवलेले पैसे. उरेल तितका विमा.*

*आत्ता का? हप्ता अर्जाच्या दिवशीच्या वयावर आणि तब्येतीवर ठरतो आणि मुदतभर तोच राहतो. वर्षभर थांबलात तर वयामुळे थोडाच फरक पडेल. मधल्या काळात एखादा आजार आढळला तर मात्र हप्ता बराच वाढू शकतो किंवा विमा नाकारला जाऊ शकतो. आणि तोवर घराला संरक्षण नसेल.*

*अर्जाला बसताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची नावं जवळ ठेवा. सापडत नसतील तर आज अर्ज भरू नका. शोधा, मग भरा.”*

शेवटची ओळ ग्राहक काढेल असं वाटतंय.

मागचं टेबल

तीच ओळ ठेवा, बाकी काहीही काढू दे. त्याला सांगा की परत येणाऱ्या पॉलिसी आणि दुसऱ्या वर्षी न भरलेले हप्ते जुन्या जाहिरातीचे किती आणि नव्या जाहिरातीचे किती, ते शेजारी ठेवून बघ. पहिल्या महिन्याची विक्री कमी दिसेल, ते आधीच कबूल करून टाका.

तारीख हवीच असेल तर एक खरी आहे, पण ती प्रत्येकाची वेगळी. काही कंपन्या सरलेला वाढदिवस धरतात, काही जवळचा. जवळचा धरणाऱ्यांकडे वाढदिवसाच्या सहा महिने आधीच वय एकाने वाढतं. वाचकाने जन्मतारीख टाकली की “या तारखेनंतर तुमचा हप्ता इतका” असं दाखवता येईल, आताचा आकडा शेजारी ठेवून. फरक लहान असेल तर लहानच दिसू दे.

रानवारा

७५ वालं पटलं. पण “तुम्हाला हा विमा लागत नाही” ही ओळ पहिलीच? निम्मे लोक तिथूनच जातील.

नंदादीप

जाऊ देत ना, त्यांना लागतच नाही तर.

तिरकस

पंचविशीतल्या, निरोगी, अवलंबून कुणी नाही अशा माणसाचं काय? तब्येत आज चांगली आहे म्हणून आजच घे, हे तुमचंच कारण त्यालाही लागू होतं. मग त्याला “लागत नाही” म्हणणं प्रामाणिक की “घेऊन ठेव” म्हणणं?

मागचं टेबल

हा प्रश्न खरा आहे. माझं मत “लागत नाही” कडे झुकतं, कारण ज्या वर्षांत कुणाला गरजच नाही त्या वर्षांचा हप्ता तो भरणार. पण दोन-तीन वर्षांत लग्न किंवा घराचं कर्ज ठरलेलं असेल, तर मी त्याला अडवणार नाही. आमच्या टेबलावरही यावर एकमत कधी झालं नाही.

शब्दजुळारी

“सध्या” हा शब्द तेवढ्यासाठीच ठेवते. पुरेसा आहे का, माहीत नाही. मजकूर उद्या ग्राहकाकडे जातोय. कोणती ओळ कापली ते इथे कळवते.