रेशनच्या तांदळातले तरंगणारे दाणे

"रेशनच्या तांदळात थोडे वेगळेच दाणे आहेत, पाण्यावर तरंगतात, प्लास्टिकचे असतील का? वेचून टाकू का?"

ताई, टाकू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 घालून मशीनमधून काढलेले दाणे आहेत ते, 100 किलोत साधारण 1 किलो मिसळतात. आमच्या सासूबाईंनी पण सूप घेऊन बसून वाटीभर वेचले होते, मग मी त्यातलेच चार शिजवून बोटाने दाबून दाखवले, भातासारखेच कुस्करले. फक्त तांदूळ चोळचोळून पाच पाण्यांनी धुऊ नका, वरच्या पाण्याबरोबर तेच वाहून जातात. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

किडे, पोरकिडे झाले तर चाळून घ्या, पण कुबट वास, ओल्या गुठळ्या असल्या तर दुकानातच बदलून मागा, बुरशी धुऊन जात नाही.

खरी कमी डाळीची आहे. पाच माणसांचं 25 किलो धान्य येतं त्याला महिन्याला पाचेक किलो डाळ-कडधान्य हवंच, तूर झेपत नसेल तर मसूर, मटकी, हुलगे जे स्वस्त असेल ते घ्या आणि वरून लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर लगेच नको, आमच्याकडे यावरून अजून भांडणं होतात 😅