मदत हवी आहे: जिभेच्या नर्व्हसाठी मराठी वाक्य

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. बारा क्रेनियल नर्व्हपैकी कुठली संवेदी (स), कुठली प्रेरक (प), कुठली मिश्र (म), यासाठी क्रमाने हे वाक्य जुळवलंय:

"सासूने सुनेला पहाटे पोहे मागितले, पाहुण्यांना मात्र सरबत, मग मसाला पान पाठवले."

पाचवा शब्द 'म'चा, म्हणून ट्रायजेमिनल मिश्र. हे पक्कं बसतं.

अडतंय जिभेपाशी. पुढच्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श पाचवीकडे, पण चव सातवीकडे. मागच्या एक तृतीयांशात दोन्ही नववीकडे. हालचाल मुख्यतः बारावीची. तोंडी परीक्षेत पाचवी-सातवीची हमखास अदलाबदल होते. नर्व्हचा आकडा आणि तिचं काम दोन्ही एकत्र आठवेल असं वाक्य सुचवाल का? नुसती आद्याक्षरं नकोत, त्यातून काम कळतच नाही.