३.७ कोटींत एक, तरी माणूस भलताच

"३.७ कोटींत एकाचाच डीएनए असा जुळतो, म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यताही तेवढीच."

नाही, इथेच गफलत होते. हा आकडा सांगतो की एखाद्या निर्दोष माणसाचा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता किती. जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता हा वेगळा प्रश्न आहे. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या बोल्टनच्या एका घरफोडीत हाच आकडा होता. डीएनएच्या ६ जागा तपासल्या आणि डेटाबेसमधून स्विंडनचा एक माणूस सापडला. तो घटनास्थळापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर राहणारा, पार्किन्सनने इतका जखडलेला की धड चालताही येत नव्हतं. तरी अटक झालीच! वकिलाने आग्रह धरला, आणखी ४ जागा तपासल्या, तेव्हा जुळणी मोडली.

आता गणित करा. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा साधारण ५.९ कोटी. भागिले ३.७ कोटी, म्हणजे खऱ्या चोराशिवाय सरासरी १.६ माणसं निव्वळ योगायोगाने जुळणार. दुसरा कुठलाच पुरावा नसेल आणि चोर देशातला कोणीही असू शकत असेल, तर जुळलेला माणूसच चोर असण्याची शक्यता १ भागिले २.६, जेमतेम ३८ टक्के. संशयित आधीच इतर पुराव्यांवरून पकडलेला असेल, तर मात्र तोच आकडा फार वजनदार ठरतो.