इंधन हवेत ओतणं ही उधळपट्टीच!

अस्मिता_क: जे विमान एवढं वजन घेऊन उडतं, ते तेवढ्याच वजनाने उतरू का शकत नाही? सरळसरळ डिझाइनची चूक आहे, आणि त्यापायी उडाल्यावर लगेच परत फिरावं लागलं की टनावारी इंधन लोकांच्या डोक्यावर ओततात.

गगनविहारी: चूक कसली, हिशोब आहे तो. बोइंग ७७७-३००ईआर उडताना कमाल ३५१ टन, उतरताना २५१. मधले शंभर टन लांबच्या प्रवासात जळूनच जातात. कधीतरी परत फिरावं लागेल म्हणून चाकांचे दांडे आणि पंख जाड करायचे, आणि ते ओझं रोज वाहायचं? नियम असा की उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट वेगाने टेकलं तरी सांगाडा टिकायला हवा, उड्डाणाच्या कमाल वजनाला ६ फूट. म्हणजे भरलेलं विमानही उतरतं, फक्त हलक्या हाताने उतरवावं लागतं.

सडेतोड_नाना: म्हणजे इंधन टाकल्याशिवाय कुठलंच विमान परत उतरत नाही, बरोबर?

गगनविहारी: नाना, वाचा हो जरा. ए३२० आणि ७३७ सारख्या लहान विमानांना ती सोयच नाही. ती घिरट्या घालतात, नाहीतर जड उतरतात आणि मग इंजिनिअर तपासणी करतात.

प्रवासी_मी: तरीच! आम्हाला तासन् तास आकाशात फिरवलं, कोणी काही सांगेना. आणि चढताना माझी बॅग दोन किलो जास्त म्हणून दंड! यांनी शंभर टन ओतले तर चालतं.

सडेतोड_नाना: बॅगांचं तर बोलूच नका. शेजारचा माणूस माझ्या दुप्पट वजनाचा, त्याला कोण विचारतं?

प्रवासी_मी: नाहीतर काय! माणसासकट तोला आणि एकच आकडा लावा.

अस्मिता_क: बॅगा पुरे. डोक्यावर पडतं त्याचं काय? १४ जानेवारी २०२०, लॉस एंजेलिस, डेल्टाचं ७७७. शाळेतल्या मुलांच्या अंगावर पडलं. हाही हिशोबच का?

गगनविहारी: तो प्रकार चुकीचाच होता. इंजिनात बिघाड झाल्यावर कंट्रोलरने विचारलं, इंधन टाकायचंय का? वैमानिक नको म्हणाले, आणि नंतर न सांगता कमी उंचीवर टाकलं. पाच-सहा हजार फुटांवरून टाकलं तर बहुतेक थेंब खाली येईपर्यंत वाफ होऊन जातात, तेवढी उंचीच मिळाली नाही.

अस्मिता_क: चला, एवढं तरी कबूल केलंत. उपकार झाले!

गगनविहारी: पण ३४० टनांवर परत फिरलात तर ८९ टन कमी करायचे. मिनिटाला दोन-अडीच टन धरले तरी चाळीस मिनिटं. इंजिनाचा बिघाड तेवढा थांबतो, आग थांबत नाही. धूर दिसला की वजन विसरायचं आणि उतरायचं.

सडेतोड_नाना: स्विसएअर १११ चे वैमानिक धूर दिसूनही वजनाचाच विचार करत बसले ना, १९९८ मध्ये? इंधन टाकायला वळले आणि विमान कोसळलं.

गगनविहारी: तपासात निघालं की सरळ कॅनडातल्या हॅलिफॅक्स विमानतळावर आले असते तरी पोचले नसते. आग फार वेगाने पसरली.

सडेतोड_नाना: तपास करणाऱ्यांचं काय, खुर्चीत बसून सगळेच पोचतात. मी असतो तर वळलोच नसतो.