मदत हवी आहे: ‘काही माणसं कधीच बदलत नाहीत’ हा टोमणाच ना?

नमस्कार मंडळी. चार मैत्रिणींचं शनिवारी भेटायचं ठरलं होतं, मी दुपारी 2 वाजता ऐन वेळी रद्द केलं. रात्री 8 वाजता एकीने ग्रुपवर टाकलं, ‘असो. काही माणसं कधीच बदलत नाहीत.’ नाव कुणाचंच नाही. लेकी बोले सुने लागे, असं वाटतंय.

नुसत्या वाक्यावरून ठरवता येत नाही, म्हणून आजूबाजूचं पाहिलं. हेच स्टेटसला असतं, तर ते ऑफिसातल्या किंवा सासरच्या कुणासाठीही असू शकलं असतं. पण हे चौघींच्याच ग्रुपवर आहे आणि मध्ये दुसरा विषयच नाही. शिवाय एरवी ‘अगं’ने सुरुवात करणारी इथे ‘असो’ आणि पूर्णविराम देते, हे मला जास्त बोलकं वाटतं.

ग्रुपवरच ‘कुणाबद्दल?’ विचारलं, तर ‘सहज टाकलं गं’ म्हणून ती सुटेल आणि बाकीच्या दोघींना उगाच पंच व्हावं लागेल. म्हणून तिला एकटीला हे लिहून ठेवलंय:

‘अगं, शनिवारचं ऐन वेळी रद्द केलं, चुकलंच. त्याचा राग आलाय का? सरळ सांग, मी ऐकते.’

यात तिच्या वाक्याचा उल्लेख मुद्दाम टाळलाय, नाहीतर वाद शब्दांवरच अडकतो. हे आजच पाठवू की एक दिवस थांबू? आणि उत्तर नुसतंच ‘नाही गं’ आलं, तर पुन्हा विचारायचं की थेट फोन करायचा?