मदत हवी आहे: बाबांच्या फोनची बॅटरी रात्रीत उतरते

हर्णैची_पोर:
बाबा तांडेल आहेत. काल संध्याकाळी होडी लागल्यावर फोन पूर्ण चार्ज केला होता. रात्रभर हात लावला नाही, तरी सकाळी ३१ टक्के. अँड्रॉइड १३ आहे. मासेमारीच्या फेरीची वाट नोंदवणाऱ्या ॲपवर संशय आहे, पण ॲप तर बंद दिसतं. समुद्रात फोन मेला की आईचा जीव टांगणीला लागतो.

गुहागरकर:
त्या ॲपला लोकेशनची परवानगी 'फक्त वापरताना' एवढीच ठेवा. काम झालं.

मिरकरवाडा_७:
माझाही असाच उतरायचा, बॅटरी बदलली. कुठल्या दुकानातून घ्यावी?

हर्णैची_पोर:
परवानगी बदलून पाहिली, फरक नाही. बॅटरी वर्षभरापूर्वीच नवी घातली आहे.

वेंगुर्ल्याचा_बापू:
ताई, परवानगीने थांबणार नाही. ॲप उघडं असताना फेरी सुरू केली, की मागे चालणारी सेवा 'वापरात'च धरली जाते. यूएसबी डीबगिंग चालू करून फोन लॅपटॉपला जोडा. स्क्रीन बंद ठेवून हे चालवा:

```
adb shell "dumpsys power | grep WAKE_LOCK"
```

हर्णैची_पोर:
एक ओळ वेगळी दिसते, त्याच ॲपची:

```
PARTIAL_WAKE_LOCK 'TripService' ACQ=-1d5h2m10s114ms
```

वेंगुर्ल्याचा_बापू:
म्हणजे २९ तासांपूर्वी ॲपने वेक लॉक घेतला, फोनला झोपू न देणारं कुलूपच ते, आणि तो अजून सोडलेला नाही. आता सकाळचे नऊ, म्हणजे काल पहाटे चार. तेव्हा काय केलं होतं?

हर्णैची_पोर:
होडी सुटली तेव्हा! बाबांनी फेरी सुरू केली आणि परत आल्यावर 'संपली' दाबलंच नाही. सूचना मात्र बोटाने सरकवून टाकली.

वेंगुर्ल्याचा_बापू:
अँड्रॉइड १३ मध्ये ती सूचना सरकवली तरी सेवा चालूच राहते. त्यात घरात छपराखाली उपग्रह नीट मिळत नसतील, तर जीपीएस शोधतच बसतं. वरचा पडदा पूर्ण खाली ओढा. तळाशी चालू ॲप्सचा आकडा असतो, त्यावर टिचकी मारून ते ॲप थांबवा. मग तीच आज्ञा पुन्हा द्या, ओळ गेलेली असली पाहिजे.

हर्णैची_पोर:
गेली. (दुसऱ्या दिवशी) रात्रभरात फक्त ४ टक्के उतरली. बापूकाका, मनापासून आभार. पण समुद्रात फेरी चालू ठेवावीच लागते, तिथे काय करू?

वेंगुर्ल्याचा_बापू:
तिथे कठीण आहे. फोन एका जागी स्थिर पडला तरच अँड्रॉइड गाढ झोपेत जातं, आणि होडी तर सतत हलते. शिवाय सेवा चालू असेपर्यंत तिचा वेक लॉक झोपेतही मोडत नाही. वाट नोंदवण्याचं अंतर वाढवता आलं तर बघा. ताशी १२ किलोमीटरने होडी मिनिटाला २०० मीटर जाते, मिनिटाला एक नोंद पुरेल.

हर्णैची_पोर:
सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांना असं लिहिलंय, बदलायची सोय दिसत नाही. अंतर बदलता येणारं ॲप कोणी होडीवर वापरतं का?