मदत हवी आहे: रुपया आणि इंडोनेशियाचा रुपिया एकाच आलेखावर प्रामाणिकपणे कसे दाखवायचे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राच्या वर्गात लावायला एक मोठा आलेख करते आहे. १९९० ते २०२३ या काळात डॉलरसमोर आपला रुपया आणि इंडोनेशियाचा रुपिया कसे घसरले, हे त्यात दाखवायचं आहे. आकडे जागतिक बँकेच्या `PA.NUS.FCRF` या मालिकेतले, वार्षिक सरासरीचे आहेत. त्यातले मुख्य असे:

१९९६: रुपया ३५.४, रुपिया २३४२
२०००: रुपया ४४.९, रुपिया ८४२२
२०२३: रुपया ८२.६, रुपिया १५२३७

सरळ काढला तर रुपयाची रेघ तळाला चिकटते, दिसतच नाही. म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्याचा लॉग घेतला, त्याला २००० सालच्या लॉगने भागलं आणि १०० ने गुणलं. २०२३ ला रुपया ११६ आला, रुपिया १०७. म्हणजे रुपया रुपियाच्या दुपटीहून जास्त घसरला असा अर्थ निघतो, आणि तो मला पटत नाही. चूक कुठे आहे? आणि आधारवर्ष कोणतं घ्यावं?

ठिपका
एवढी खटपट कशाला? रुपयाला डावा अक्ष द्या, रुपियाला उजवा. दोन्ही रेघा छान दिसतील.

अर्थरेषा
ठिपका, दिसतील खऱ्या, पण दोन अक्षांच्या कमाल-किमान मर्यादा आपणच ठरवतो. उजवा अक्ष ० ते २०००० ठेवला की रुपिया उतावीळ दिसतो, ० ते ६०००० ठेवला की शांत. तुलना आकड्यांची राहत नाही, आलेख काढणाऱ्याच्या हाताची होते.

ताई, तुमची चूक क्रमाची आहे. लॉगला लॉगने भागलं की मूळ आकडा जितका मोठा तितका बदल लहान दिसतो. रुपियाचे आकडे हजारांत आहेत, एवढ्याच कारणाने तो १०७ वर थांबला. आधी साध्या आकड्यांचा निर्देशांक करायचा आणि लॉग फक्त अक्षाला लावायचा. तसं केलं तर २००० ते २०२३ मध्ये डॉलर रुपयात १.८४ पट महागला आणि रुपियात १.८१ पट. जवळजवळ सारखंच. तुमची शंका बरोबर होती.

आता दिशा. घसरण खाली जाताना दिसावी, नाहीतर मुलं चढती रेघ पाहून चलन मजबूत झालं असं समजतील. म्हणून चलनाचं मूल्य काढा, म्हणजे आधारवर्षाचा दर भागिले त्या वर्षाचा दर. A2 मध्ये १९९० असेल तर १९९६ आठव्या ओळीत येतं. रुपया B मध्ये, रुपिया C मध्ये धरून D2 मध्ये हे लिहा आणि उजवीकडे E पर्यंत, मग खाली शेवटपर्यंत ओढा:

```
=100*B$8/B2
```

डॉलरचं चिन्ह फक्त 8 च्या आधी ठेवा. दोन्ही B च्या आधीही घातलंत तर रुपियाच्या स्तंभात पुन्हा रुपयाच येईल आणि दोन रेघा एकमेकींवर बसतील.

मग उभ्या अक्षावर राइट क्लिक करून `Format Axis` मध्ये `Logarithmic scale` ला खूण करा आणि `Base` मध्ये १० च्या जागी २ द्या. किमान १२.५, कमाल ८००. अक्षावर १२.५, २५, ५०, १०० अशा खुणा येतील, म्हणजे एक घर खाली आलं की मूल्य निम्मं झालं. मुलांना हे एका वाक्यात सांगता येतं. दहाच्या पटीत सगळी घसरण एका घरात कोंबली जाते.

निफाड_बागायतदार
आमची द्राक्षं युरोपात जातात, पैसे युरोत येतात. मागच्या तीन वर्षांचा युरो असाच लॉगवर टाकला तर पुढच्या हंगामात दर काय राहील ते कळेल का?

अर्थरेषा
नाही भाऊ, पुढचा दर यातून कळत नाही. आणि तीन वर्षांत दर पंधरा-वीस टक्के हलला असेल तर साधा अक्ष आणि लॉग अक्ष जवळपास सारखेच दिसतात. लॉगचा उपयोग मूल्य दोन-चार पटींनी बदलतं तिथे. लांबचा इतिहास हवा असेल तर युरो १९९९ पासूनच आहे. त्याआधीसाठी जर्मन मार्क जोडतात, १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क या ठरलेल्या दराने. ते न करता दोन मालिका नुसत्या चिकटवल्या तर १९९९ ला एक खोटी पायरी दिसते.

गोदाकाठ
सूत्र चाललं. १९९६ = १०० धरून २००० ला रुपया ७८.८, रुपिया २७.८ आणि २०२३ ला रुपया ४२.९, रुपिया १५.४ आला. पण आधारवर्ष २००० केलं तर २०२३ ला दोघेही ५४-५५ वर येतात. एका आलेखात रुपिया पार कोसळलेला, दुसऱ्यात दोघे बरोबरीचे. खरं कोणतं?

अर्थरेषा
दोन्ही खरी, आणि लॉगची गंमत इथेच आहे. आधारवर्ष बदललं की लॉग अक्षावर प्रत्येक रेघ आख्खीच्या आख्खी वर किंवा खाली सरकते, तिचा आकार बदलत नाही. सूत्रात `B$8` च्या जागी `B$12` घालून पाहा. एखाद्या रेघेचा चढउतार बदलला तर सूत्र कुठेतरी चुकलं आहे, असं समजा.

आता हेच निर्देशांक साध्या अक्षावर टाका. आधार १९९६ असेल तर २००० ला दोघांत ५१ अंकांचं अंतर दिसतं आणि २०२३ ला साडेसत्तावीस. पाहणारा म्हणेल, रुपयाच जास्त वेगाने घसरून रुपियाजवळ आला. लॉगवर रुपया २००० ला २.८३ पट वर आहे आणि २०२३ ला २.७९ पट, म्हणजे रेघा जवळपास समांतर. त्या २३ वर्षांत दोघांचंही मूल्य वर्षाला साधारण अडीच टक्के घटलं. सगळा फरक १९९७-९८ च्या आशियाई संकटातला आहे. तिथे रुपिया एका कड्यावरून खाली आला आणि नंतर रुपयाच्याच चालीने उतरत राहिला.

मी १९९६ घेईन, कारण कडा दिसला पाहिजे.

ठिपका
बरं, दोन अक्षांचं मागे घेतो. पण तुम्ही आधार म्हणून नेमकं संकटाआधीचं वर्ष निवडताय, तीही निवडच झाली ना? २००० घेतलं तर दोघे शेवटी एकत्र येतात आणि १९९६ ला रुपिया ३६० वर दिसतो. तो कडा तिथेही दिसतोच की.

अर्थरेषा
दिसतो, हे खरं आहे. माझी पसंती इतकीच की नजर १०० च्या बिंदूपासून सुरू होते आणि गोष्ट डावीकडून उजवीकडे वाचली जाते. आलेखाखाली आधारवर्ष ठळक लिहावं, याला तरी तुमची हरकत नसावी.

पंचवटी_पेठ
मुळात महागाई वजा केल्याशिवाय तुलना न्याय्य कशी? १९९८ मध्ये इंडोनेशियात भाव भडकले होते, आपल्याकडेही महागाई अमेरिकेपेक्षा जास्तच राहिली. नुसता दर पाहून चलन इतकं टक्के कमकुवत झालं असं म्हणणं मला चुकीचं वाटतं.

अर्थरेषा
मुद्दा योग्य आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे. एका रुपयात किती डॉलर मिळतात हे विचारायचं असेल तर नुसता दर पुरतो. रुपया खऱ्या अर्थाने स्वस्त झाला का, हे विचारायचं असेल तर दोन्ही देशांच्या भावपातळ्या लागतात. पद्धत तीच, आधी निर्देशांक, मग लॉग अक्ष. फक्त शीर्षकात कोणता दर आहे ते स्पष्ट लिहावं लागेल.

पंचवटी_पेठ
बारावीचा वर्ग शीर्षक वाचत नाही, रेघ पाहतो. मी दोन्ही आलेख शेजारी लावेन.

गोदाकाठ
भिंतीवर जागा एकाचीच आहे, म्हणून सध्या नुसत्या दराचा, आधार १९९६ चा लावते. एक शंका राहिली. १९९८ मध्ये काही महिन्यांत रुपिया डॉलरला १५००० च्या वर गेला होता, पण वार्षिक सरासरी १०००० च्या आसपास आहे. सरासरीने कडा बोथट होतो का?

अर्थरेषा
होतो. १०००० वर निर्देशांक २३.४ येतो, १५००० धरला तर १५.६. अक्षाच्या खुणांवर हा अर्ध्याहून जास्त घराचा फरक आहे. दोन्ही चलनांचे मासिक आकडे मिळत असतील तर तेच घ्या, पण एकाचे मासिक आणि दुसऱ्याचे वार्षिक असं करू नका. आणि मासिक घेतलेत तर आधार एका महिन्याचा न धरता १९९६ च्या बारा महिन्यांची सरासरी धरा.